पीएफचा दावा मंजूर, मग पैसे कमी का?

नोकरी सोडल्यावर बहुतेक जण पासबुक उघडतात, शेवटची शिल्लक बघतात आणि तेवढेच पैसे हातात येतील असं धरून चालतात. बँकेत रक्कम जमा झाली की मग जीव खालीवर होतो.

एक साधा हिशेब मांडू. एकाचा मूळ पगार पंधरा हजार, नोकरी तीन वर्षं. त्याच्या पगारातून दरमहा १,८०० रुपये कापले गेले. कंपनीनेही तेवढेच भरले, पण त्यातले १,२५० पेन्शन योजनेत गेले आणि पीएफमध्ये फक्त ५५० आले. छत्तीस महिन्यांत त्याचे ६४,८००, कंपनीचे १९,८०० आणि पेन्शनच्या रकान्यात ४५,००० झाले. व्याज बाजूला ठेवलं, तर तिन्ही रकान्यांची बेरीज १,२९,६०० येते आणि तो हाच आकडा मनात धरतो.

खात्यात मात्र ७६,१४० येतात. कारण त्याने फक्त फॉर्म १९ भरलेला असतो. त्यातून पीएफचे ८४,६०० निघतात, पेन्शनचे नाही. शिवाय नोकरी पाच वर्षांहून कमी आणि रक्कम पन्नास हजारांच्या वर असल्याने १० टक्के, म्हणजे ८,४६० रुपये टीडीएस कापला जातो. पॅन जोडलेला नसेल तर कपात दुप्पट होते. हे पैसे बुडत नाहीत. एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून परत मिळतात. आधीच्या नोकरीचा पीएफ याच खात्यात वर्ग केलेला असेल, तर ती वर्षंही पाचात धरली जातात. म्हणून जुनं खातं आधी वर्ग करून घ्यावं, हे मी आवर्जून सांगेन.

पेन्शनसाठी वेगळा फॉर्म १०सी लागतो. ती रक्कम रकान्यातली बेरीज नसते. तिला व्याजही लागत नाही. नोकरी सोडतानाचा पेन्शनपात्र पगार आणि नोकरीचा काळ यांवरून ती तक्त्यानुसार ठरते. वरच्या उदाहरणात पगाराच्या साधारण तिप्पट. नोकरीची दहा वर्षं पूर्ण झाली की हे पैसे काढता येत नाहीत, त्यांचा हक्क पुढे पेन्शनच्या रूपातच मिळतो.

म्हणूनच सदस्य पोर्टलवर 'Track Claim Status' पाहताना प्रत्येक फॉर्मची ओळ स्वतंत्र वाचावी. एक 'Settled' आणि दुसरा 'Rejected' असंही घडतं, आणि नाकारण्याचं कारण तिथेच लिहिलेलं असतं. 'Settled' दिसूनही काही दिवसांत पैसे आले नाहीत, तर बँक खात्याचा क्रमांक किंवा आयएफएससी चुकून रक्कम परत गेली आहे का, ते तपासावं.

एवढं जुळवूनही फरक उरला, तर शेवटच्या महिन्याची नोंद पाहावी. कंपनी तो हप्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरते. दावा त्याआधी निकाली निघाला असेल, तर तेवढी रक्कम खात्यातच राहते आणि तिच्यासाठी पुन्हा दावा करावा लागतो.