पंधरा सेकंदांचा साखरपुडा

साखरपुड्याचा टीझर म्हणजे समारंभानंतर एक-दोन दिवसांत नातेवाइकांना आणि मित्रमंडळींना पाठवायची छोटी चित्रफीत. ती बहुधा फोनवर, उभ्या पडद्यावर पाहिली जाते. म्हणून तिची चौकटही उभी, म्हणजे ९:१६ या प्रमाणातली असते. समारंभाची संपूर्ण फिल्म नंतर तयार होते आणि तिच्यात सगळ्यांना जागा मिळते. टीझरला मात्र पंधराच सेकंद मिळतात. सेकंदाला २५ चित्रचौकटी या वेगाने त्या ३७५ होतात. डोळ्याला एखादे दृश्य नीट ओळखायला साधारण एक ते दीड सेकंद लागतो, त्यामुळे टीझरमध्ये आठ-दहा दृश्यांपेक्षा जास्त बसत नाहीत. कुटुंबाने आणि व्हिडिओग्राफरने मिळून ही आठ-दहा दृश्ये आधीच ठरवली, तर टीझर त्या घराचा होतो. ती आयत्या वेळी सुचतील असे धरून चालले, तर कोणत्याही घराचा वाटेल असा टीझर हाती येतो.

निवड करण्यापूर्वी विधींचा क्रम माहीत असावा लागतो. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत साखरपुड्याची सुरुवात गणेशपूजनाने होते. चौरंगावर तांदळाची रास, तिच्यावर सुपारीचा गणपती आणि शेजारी कलश मांडला जातो. त्यानंतर वाङ्निश्चय होतो, म्हणजे दोन्हीकडचे वडीलधारे सर्वांसमक्ष लग्नाचा शब्द देतात. मग वराची आई किंवा घरातील दुसरी सवाष्ण मुलीला कुंकू लावून साडी देते. मुलगी आत जाऊन ती साडी नेसून येते, आणि मग तिची ओटी भरली जाते. ओटीत खण, नारळ, तांदूळ किंवा गहू, हळकुंड, सुपारी, बदाम, खारीक असते. त्याच वेळी जरीच्या कागदाने मढवलेला शंकूच्या आकाराचा साखरेचा पुडा तिच्या हाती दिला जातो. पुढे वधूपक्ष मुलाला टिळा लावून पोशाख देतो. अंगठ्यांची देवाणघेवाण ही या समारंभातील अलीकडची भर आहे. शेवटी औक्षण, थोरांना नमस्कार आणि पेढे. हा क्रम घराघरांत थोडाफार बदलतो. काही घरी ओटी अंगठीनंतर भरतात, काही ठिकाणी मुलाचा टिळा आधी होतो. म्हणून आदल्या दिवशी गुरुजींशी किंवा घरातील जाणत्या बाईशी बोलून क्रम लिहून घेणे हे चित्रीकरणाचे पहिले काम ठरते.

हे सगळे विधी पंधरा सेकंदांत दाखवायचा मोह टाळावा लागतो. प्रत्येक विधीला सारखा वेळ दिला, तर पाहणाऱ्याच्या लक्षात एकही राहत नाही. त्यापेक्षा एकच विधी कणा म्हणून निवडावा, त्याला चार-पाच सेकंद द्यावेत आणि बाकीच्यांना ओझरता स्पर्श करावा. साखरपुड्यात हा मान बहुधा ओटीला आणि पुड्याला द्यावा. अंगठी कोणत्याही समाजाच्या, कोणत्याही प्रांताच्या समारंभात दिसते. पुडा मात्र पाहताक्षणी मराठी घर सांगतो. शिवाय ओटी भरताना एका घरातील बाईच्या हातातले दुसऱ्या घरातील मुलीच्या पदरात जाते, त्यामुळे नवे नाते शब्दांवाचून डोळ्यांसमोर येते.

दुसरा निर्णय भावनेचा असतो. हातांची हालचाल विधी दाखवते, तर भावना चेहऱ्यावर उमटते, आणि तो चेहरा बहुधा चौरंगाजवळ नसतो. मुलीची ओटी भरली जात असताना तिचे वडील अनेकदा मागे खांबाजवळ उभे असतात. आजी पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसलेली असते. धाकटा भाऊ पेढ्यांच्या ताटाशी असतो. सगळेच कॅमेरे चौरंगाकडे वळलेले असतील, तर हे चेहरे कायमचे निसटतात, कारण ओटी दुसऱ्यांदा भरून घेता येत नाही. म्हणून कुटुंबाने आधीच एक-दोन नावे सांगावीत आणि दुसरा कॅमेरा ओटी व पुडा चालू असताना त्याच माणसावर रोखलेला असावा. या व्यक्तीला त्याची कल्पना देऊ नये. कॅमेरा आपल्याकडे आहे हे कळले की माणूस हसू जुळवून उभा राहतो.

उदाहरण म्हणून पुण्यातील एका कार्यालयात सकाळी ११ च्या मुहूर्तावर होणारा, साठ-सत्तर पाहुण्यांचा साखरपुडा घेऊ. पुडा मुलाच्या आत्याने स्वतःच्या हाताने सजवला आहे. मुलीकडून निवडलेला चेहरा तिच्या वडिलांचा आहे. अशा टीझरचा आराखडा पुढीलप्रमाणे करता येतो. पहिला दीड सेकंद आदल्या रात्रीचा: पुड्याला जर चिकटवणारे आत्याचे हात. पुढचा दीड सेकंद सुपारीच्या गणपतीवर पडणाऱ्या अक्षता. तिसऱ्या सेकंदापासून दीड सेकंद साडी मुलीच्या हाती येते, आणि लगेच पुढच्या दीड सेकंदात ती तीच साडी नेसून दारातून परत येते. मधला पंधरा-वीस मिनिटांचा वेळ एका तुटक्यात नाहीसा होतो आणि पाहणाऱ्याला बदल जाणवतो. सहाव्या सेकंदापासून अडीच सेकंद ओटी: पसरलेला पदर, त्यात उतरणारा नारळ. मग दोन सेकंद पुडा तिच्या हातात येतो. पहिल्या दृश्यातला अर्धवट पुडा इथे पूर्ण होऊन पोहोचतो, म्हणून या नऊ दृश्यांना एका धाग्याचा आधार मिळतो. साडेदहाव्या सेकंदापासून दीड सेकंद वडिलांचा चेहरा. एक सेकंद अंगठी. आणि शेवटचे दोन सेकंद दोघांचे मोकळे हसू, त्यावर नावे आणि लग्नाची तारीख. अक्षरे वाचायला वेळ लागतो, म्हणून या शेवटच्या दोन सेकंदांत काटछाट करू नये.

या आराखड्यात संथ गतीला फारच थोडी जागा आहे, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. सेकंदाला ५० चौकटींनी टिपलेले दृश्य २५ च्या वेगाने दाखवले की ते दुप्पट लांबते. अंगठी घालायला चार सेकंद लागत असतील, तर संथ गतीत त्याला आठ सेकंद जातील, म्हणजे टीझरचा निम्म्याहून अधिक भाग. म्हणून संथ गती अक्षतांसारख्या क्षणार्धात संपणाऱ्या हालचालीसाठीच राखून ठेवावी. ओटी आणि चेहरे नेहमीच्या गतीत ठेवावेत. माणसाचे डोळे भरून येणे मुळातच सावकाश असते, ते आणखी लांबवले की नाटकी दिसते.

कार्यालयातील प्रकाश ही सर्वांत जास्त फसवणारी बाब आहे. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने त्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचा शटर-वेग त्याच्याशी जुळला नाही की चित्रावर आडवे काळपट पट्टे सरकताना दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवला तर हा दोष सहसा येत नाही. मंचामागच्या शोभेच्या एलईडी माळांची लय मात्र वेगळी असू शकते. त्यामुळे पाहुणे येण्यापूर्वी दिवे लावून दहा सेकंदांचे चाचणी-चित्रीकरण करावे आणि ते मोठ्या पडद्यावर पाहावे. पट्टे दिसले तर माळ बंद करणे किंवा चौरंग तिच्यापासून दूर सरकवणे तेव्हा शक्य असते, मुहूर्तानंतर नाही. रंगीत झोत हा दुसरा दोष. निळ्या प्रकाशात कुंकू काळे दिसते आणि हळद ओळखूही येत नाही. विधी चालू असेपर्यंत मंचावर साधा पांढरा प्रकाश ठेवावा, रंगीत दिवे जेवणाच्या वेळी लावावेत.

जागेचा प्रश्नही तितकाच खरा आहे. ओटी भरताना चार-पाच बायका मुलीभोवती वाकलेल्या असतात, गुरुजी समोर बसलेले असतात आणि पाहुण्यांचे फोन मध्ये येतात. पहिला कॅमेरा म्हणून मुलीच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. समोरून आणि वरून पाहिले तर फक्त पाठी आणि डोकी दिसतात. ओटी भरणारी बाई कोणत्या बाजूला बसणार हे आधी विचारून घेतले की उलट बाजू मोकळी मिळते. पाहुण्यांनी दोन मिनिटे फोन खाली ठेवावेत ही विनंती घरातल्याच एखाद्या मोठ्या माणसाने केली तर ती मानली जाते.

आवाजाचा विचार बहुतेक वेळा शेवटी होतो, आणि मग एखादे गाजलेले चित्रपटगीत सगळ्या दृश्यांवर पसरते. त्यात दोन अडचणी आहेत. लग्नाशी संबंधित समारंभात गाणे वाजवण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण तेच गाणे चित्रफितीला जोडून प्रसारित करणे त्या सुटीत बसत नाही. अनेक ठिकाणी असा व्हिडिओ मूकही केला जातो. दुसरी अडचण अशी की गाण्याखाली घराचे आवाज बुडतात. चांगल्या टीझरमध्ये बांगड्यांची किणकिण, गुरुजींचा मंत्रोच्चार, आतून कुणीतरी मारलेली हाक यांतले दोन-तीन आवाज स्पष्ट ऐकू येतात. ते चौरंगाजवळ ठेवलेल्या छोट्या ध्वनिमुद्रकावर वेगळे टिपावेत. मागे सनईचा किंवा बासरीचा परवाना घेतलेला तुकडा हलका ठेवावा. एक आवाज त्याच्या चित्राच्या अर्धा सेकंद आधी सुरू केला, म्हणजे मंत्र आधी आणि गणपती नंतर, तर दृश्ये एकमेकांत सहज मिसळतात.

जोडणी झाल्यावर टीझर दोनदा तपासावा. आधी आवाज बंद करून तो समारंभाला न आलेल्या एखाद्या नातेवाइकाला दाखवावा. पुडा कुणी दिला, वडील कोणते, साडी कधी बदलली, हे त्याला सांगता आले तर दृश्ये बरोबर निवडली आहेत. सांगता आले नाही, तर बहुधा दृश्ये जास्त झालेली असतात, आणि तेव्हा नवे दृश्य जोडण्याऐवजी एखादे काढून उरलेल्यांना तो वेळ द्यावा. दुसऱ्यांदा टीझर दोन्ही घरांनी एकत्र पाहावा. एका पक्षाचेच चेहरे दिसतात का, कुणाला पडद्यावर यायचे नाही का, नावांचे शुद्धलेखन आणि तारीख बरोबर आहे का, एवढे तिथे ठरवावे. लग्नाची तारीख अजून सर्वांना कळवलेली नसेल तर ती काढून फक्त नावे ठेवावीत. दोन्ही घरांनी होकार दिल्यावरच तो पुढे पाठवावा, कारण एकदा फोनवरून फोनवर गेलेली चित्रफीत परत घेता येत नाही.