कडावच्या रस्त्यावरचं दुकान नकाशावर आणताना

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहिलं, तर मोटारसायकलींची रांगच दिसते. कुणी आंबिवलीला गाडी लावून कोथळीगड चढणार असतं. कुणाला खांडसवरून भीमाशंकर गाठायचं असतं. वाटेत कडावला बाल दिगंबर गणेशाच्या दर्शनाला थांबणारेही पुष्कळ. एखाद्याचं मागचं चाक बसतं. तो गाडी कडेला घेतो, फोन काढतो आणि जवळचं पंक्चरचं दुकान शोधतो. नकाशा त्याला कर्जत शहरातली दुकानं दाखवतो. कडावचं दुकान पुढच्या वळणावरच असतं, पण त्याची नोंद नसते. त्यामुळे तो गाडी ढकलत उलट्या दिशेने निघतो.

गूगलवर दुकानाची नोंद करायला एक पैसाही लागत नाही. २०१४ मध्ये ही सोय ‘गूगल माय बिझनेस’ या नावाने आली. २०२१ पासून तिचं नाव ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ आहे. तरीही गावच्या रस्त्यावरच्या दुकानांच्या नोंदी अर्धवट असतात, चुकीच्या जागी असतात किंवा मालकाच्या हातातच नसतात. म्हणून कडावचं एक दुकान डोळ्यांसमोर धरू. दुचाकीचं पंक्चर काढणारं, ट्यूब-टायर आणि बारीकसारीक पार्ट ठेवणारं हे दुकान आहे. मालक एकटा, मदतीला एक मुलगा.

पहिलं काम नवी नोंद करण्याचं नाही, जुनी आहे का ते पाहण्याचं आहे. नकाशावर कुणीही जागा सुचवू शकतो. एखाद्या गिऱ्हाइकाने दोन वर्षांपूर्वी दुकान टाकलेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. तशी नोंद सापडली तर तिच्यावर दिसणारं `Claim this business` दाबून ती आपल्या ताब्यात घ्यावी. ती न पाहता दुसरी केली, तर एकाच दुकानाच्या दोन नोंदी होतात आणि अभिप्राय दोन्हींत विखुरतात. काहीच सापडलं नाही तरच business.google.com वर नवी नोंद सुरू करावी.

इथे एक गोष्ट सांभाळायची. नोंद मालकाच्या स्वतःच्या जीमेलवरूनच व्हायला हवी. आपल्याकडे हे काम पुतण्या करतो, नाहीतर मोबाइलच्या दुकानातला मुलगा आपल्या खात्यावरून करून देतो. तो नोकरीला पुण्याला गेला की वेळ बदलायची सोयही राहत नाही. मदत करणाऱ्याला नंतर ‘मॅनेजर’ म्हणून जोडता येतं. मालकी मात्र मालकाच्या नावावर राहावी.

नाव टाकताना मोह होतो. पाटीवर नुसतं दुकानाचं नाव असतं, पण नोंदीत त्यापुढे ‘बेस्ट पंक्चर शॉप कर्जत नेरळ कशेळे’ अशी शेपटी लावली की शोधात वर येऊ असं वाटतं. नियम साफ आहे: पाटीवर जे नाव, तेच नोंदीत. शेपटी लावलेल्या नोंदीबद्दल कुणीही तक्रार करू शकतो आणि ती स्थगित झाली की दुकान नकाशावरून गायब. राज्यात २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक आहे, तेव्हा पाटी नव्याने रंगवायची असेल तर मराठी नावाखाली लहान अक्षरांत इंग्रजी नावही घालून घ्यावं. मुंबईचा मुलगा इंग्रजीत शोधतो. नोंदीतलं नाव आणि पाटी जुळणं पुढे पडताळणीतही उपयोगी पडतं. काय काम करतो हे सांगायची जागा वेगळी आहे. तिला प्रकार म्हणतात. मुख्य प्रकार एकच निवडायचा, जो आपल्या रोजच्या कामाला सर्वांत जवळचा असेल तो. पंक्चरवाल्याने सरसकट ‘ऑटोमोबाइल’ निवडलं तर तो गाड्यांच्या शोरूमच्या गर्दीत हरवतो.

पत्ता हा गावाकडचा खरा अडथळा. शहरात इमारतीचं नाव आणि गल्ली पुरते. इथे ‘मु. पो. कडाव, ता. कर्जत’ लिहून नकाशाला काहीच कळत नाही. त्यात कर्जत नावाचा तालुका अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे, म्हणून जिल्हा रायगड आणि पिनकोड लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतरची लाल खूण, म्हणजे पिन, हाताने लावावी. नकाशा उपग्रहाच्या चित्रावर टाकायचा, बोटांनी मोठा करत आपलं छप्पर ओळखायचं आणि पिन छपराच्या मध्यावर न ठेवता रस्त्याकडच्या शटरवर आणायची. मागून पाणंद किंवा शेताची वाट जात असेल, तर चुकलेली पिन गिऱ्हाइकाला त्या चिखलात नेते. खात्री करायची रीत सोपी आहे. दुकान न पाहिलेल्या माणसाच्या फोनवर कर्जत स्टेशनपासून रस्ता लावून द्यायचा आणि त्याला काही न सांगता यायला सांगायचं. तो थेट शटरसमोर उभा राहिला तर पिन बरोबर.

मग पडताळणी. ती कशी करायची हे आपण ठरवत नाही, गूगल ठरवतं. कुणाला फोनवर कोड येतो, कुणाला पत्र. अलीकडे बहुतेकांकडे व्हिडिओ मागतात. हा व्हिडिओ एका दमात, कुठेही न कापता काढायचा असतो आणि तो निदान अर्ध्या मिनिटाचा लागतो. त्यातून तीन गोष्टी दिसायला हव्यात: दुकान इथेच आहे, ते खरोखर चालतं, आणि ते तुमच्याच ताब्यात आहे. म्हणून सुरुवात रस्त्यावरून करावी. शेजारच्या दुकानांच्या पाट्या किंवा गावाच्या नावाचा फलक दाखवत आपल्या पाटीपर्यंत यावं. मग खिशातली किल्ली काढून कुलूप उघडावं आणि शटर वर करावं. आत हवेचा कॉम्प्रेसर, टांगलेल्या ट्यूबा, पंक्चर शोधायची पाण्याची टाकी आणि दुकानाच्या नावाचं बिलबुक दाखवावं. आधीच उघड्या असलेल्या दुकानाचा व्हिडिओ किल्लीच्या या दृश्याअभावी परत येऊ शकतो. आतून फिरणारं कुणीही गिऱ्हाईक असू शकतं, कुलूप मालकच उघडतो. आधार कार्ड, बँकेचे कागद आणि लोकांचे चेहरे यात येऊ देऊ नयेत. उत्तर यायला पाच कामाचे दिवस लागू शकतात. याच काळात ‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर नोंद बंद होईल’ किंवा ‘आलेला कोड सांगा’ असे फोन येतात. नोंदीला शुल्क नाही आणि कोड कुणालाही सांगायचा नसतो. तो सांगितला की नोंद दुसऱ्याच्या हातात जाते.

नोंद दिसू लागली की वरचा क्रम कशाने ठरतो? शोधलेल्या गोष्टीशी दुकान किती जुळतं, ते शोधणाऱ्यापासून किती दूर आहे आणि ते किती माहितीतलं आहे, या तीन गोष्टींनी. अंतर आपल्या हातात नाही. माहितीतलं होण्यात अभिप्रायांचा मोठा वाटा आहे, आणि गडबड नेमकी इथेच होते.

कडावच्या दुकानाची गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. गावातली माणसं वर्षानुवर्षं येतात, पण फोनवर दोन ओळी लिहायच्या त्यांच्या डोक्यात येत नाही. लिहितात ते वाटसरू, आणि ते पुन्हा दिसत नाहीत. मागायची वेळ त्यामुळे एकच: काम झालं, हवा भरली, पैसे दिले, गाडी सुरू करायच्या आधी. नोंदीतून अभिप्रायाचा दुवा आणि क्यूआर कोड मिळतो. तो छापून पैसे घ्यायच्या कोडशेजारी लावता येतो, फक्त दोन्हींवर ठळक लिहावं, नाहीतर माणसं पैशांच्या कोडाऐवजी हाच स्कॅन करतात. पावसात नेटवर्क गेलं तर कोड कामाचा नाही. तेव्हा गिऱ्हाइकाची हरकत नसेल तर त्याचा नंबर घेऊन संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवावा: ‘सकाळी तुमचं मागचं चाक केलं होतं. काम कसं झालं, ते जसं वाटलं तसं लिहा.’ एकदाच. आठवण करून देणारा दुसरा निरोप नको.

‘जसं वाटलं तसं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पाच तारे द्या म्हणणं, त्याबदल्यात दहा रुपये सोडणं, खूश दिसणाऱ्यांनाच कोड दाखवणं, घरच्यांच्या खात्यांवरून लिहिणं, हे सगळं नियमाबाहेर आहे. सापडलं तर अभिप्राय पुसले जातात, काही काळ नवे येणं थांबवलं जातं आणि खोटे अभिप्राय काढल्याची सूचना नोंदीवर लागू शकते. भारतीय मानक ब्यूरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे. एका दिवसात आलेले, नावाशिवाय काहीच वेगळं नसलेले वीस ‘नाइस सर्व्हिस’ वाचणाऱ्यालाही ओळखू येतात. त्यापेक्षा ‘रविवारी सात वाजता शटर उघडून ट्यूब बदलून दिली’ ही एक ओळ पुढच्या माणसाला हवी ती माहिती देते.

वाईट अभिप्राय येणारच. सुरुवातीला तो फार बोचतो, कारण संख्या लहान असते. पाच जणांनी पाच आणि एकाने एक तारा दिला, तर सरासरी साधारण ४.३ होते. तोच एक तारा एकोणीस चांगल्यांमध्ये असला तर ४.८. म्हणून पहिल्या सहांपैकी एक वाईट आला की नोंद पुसायची नाही, पुढची चौदा कामं नीट करून प्रत्येकाला विचारायचं.

समजा कुणी लिहिलं, ‘सहाला उघडं दाखवत होतं, दोन किलोमीटर ढकलत आलो, शटर बंद.’ हे खोटं नाही. ते काढून टाकायची विनंतीही मान्य होणार नाही, कारण शिवीगाळ, बनावट मजकूर किंवा विषयाशी संबंध नसलेलं लिखाण यासाठी ती सोय आहे. मतभेदासाठी ती नाही. फुकट पंक्चर काढून देतो, तारे वाढवा, असं म्हणणंही नियमात बसत नाही. आधी नोंदीतली वेळ सुधारायची, गणपतीच्या आणि लग्नकार्याच्या सुट्ट्या विशेष वेळांमध्ये टाकायच्या, आणि मग उत्तर लिहायचं: ‘चूक आमची. वेळ जुनी राहिली होती, आज दुरुस्त केली. तुम्हाला पावसात त्रास झाला, माफ करा.’ एवढंच. हे उत्तर त्या एका माणसासाठी असतं, आणि पुढे गाडी कडेला घेऊन वाचणाऱ्या सगळ्यांसाठीही.

नोंदीत महिन्याचा हिशोबही दिसतो: किती जणांनी फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, काय शब्द टाकून शोधलं. त्यासोबत आपल्या दुकानदाराला मोबाइलच्या कॉलयादीत फोन सगळे रविवारी सकाळी आलेले दिसले आणि त्याचं शटर नऊला उघडत असलं, तर पावसाळ्याचे चार महिने रविवारी सहाला उघडायचं की नाही, एवढाच प्रश्न उरतो. उघडणार असेल, तर शनिवारी रात्रीच नोंदीतली वेळ बदलायची.