चहाची पुडी कागदाची की प्लास्टिकची?

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये नायलॉन आणि पेटच्या पिशव्यांमधली चहापत्ती काढून टाकली, पिशव्या धुतल्या आणि 95 अंश पाण्यात पाच मिनिटं ठेवल्या. एका पिशवीतून सुमारे 11.6 अब्ज सूक्ष्म आणि 3.1 अब्ज अतिसूक्ष्म कण सुटल्याचं त्यांनी मांडलं. हा आकडा घाबरवणारा आहे, पण त्यावर जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी रास्त हरकत घेतली. नायलॉन-पेटमधले काही छोटे रेणू गरम पाण्यात विरघळतात आणि नमुना वाळवताना त्यांचेच कण होतात. मोजणीत तेही प्लास्टिक म्हणून धरले गेले असावेत, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे कपात काहीतरी उतरतंच. वाद आहे तो किती कण उतरतात याचा.

‘कागदी’ पुडीवरही डोळे झाकून विसंबू नका. कडा उष्णतेनं चिकटवता याव्यात म्हणून अनेक कागदांत पॉलिप्रोपिलीनचे धागे मिसळलेले असतात. दुमडून दोऱ्यानं बांधलेल्या पुडीला त्याची गरज नसते. वापरलेली पुडी कुंडीतल्या मातीत पुरून पाहा: कागद कुजतो आणि प्लास्टिक असेल तर जाळीसारखा पातळ सांगाडा मागे उरतो.

पुडी न वापरता उकळलेल्या आपल्या चहाचा नायलॉनच्या गाळणीशी संबंध काही सेकंदांचाच येतो. तरी जाळी पिवळी पडली, सैल झाली किंवा तिचे धागे सुटू लागले, की ती टाकून स्टीलची घ्यावी. मी घरी तेच केलं.