हावभाव, संवादपूरक

गद्य नाटकातील पात्र बोलत असताना त्याच्या शरीराची ठेवण, हातांच्या हालचाली, मानेचा व दृष्टीचा रोख यांची अशी योजना, की जिच्यामुळे संवादातील शब्दांनी न सांगितलेला अर्थ प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. शब्दाशब्दाचे चित्र हाताने काढून दाखविणारे हावभाव हे या योजनेच्या विरुद्ध टोकाचे होत. ‘आकाश’ म्हणताना वर बोट करणे, ‘मी’ म्हणताना छातीवर हात ठेवणे, ‘लहान मूल’ म्हणताना गुडघ्याच्या उंचीवर तळवा धरणे ही त्यांची नेहमी आढळणारी उदाहरणे होत. अशा हावभावांतून प्रेक्षकाला नवे काही कळत नाही. उलट पुढचे चित्र कोणते येणार याकडे त्याचे लक्ष लागते आणि पात्राच्या मनात काय चालले आहे ते निसटते.

परंपरा : सामान्यतः इ. स. पू. २०० ते इ. स. २०० या दरम्यानचा मानल्या जाणाऱ्या भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक अभिनयाचे सविस्तर विवेचन असून त्यात एका हाताच्या २४ व दोन्ही हातांच्या १३ मुद्रा सांगितल्या आहेत. या ग्रंथात मुद्रांच्या वापराला मर्यादाही घातल्या आहेत. उत्तम प्रकृतीच्या पात्राचे हात थोडे हलावेत, मध्यम पात्राचे बेताने व अधम पात्राचे पुष्कळ हलावेत, असे त्यात म्हटले आहे. शोकाकुल, भयभीत, मूर्च्छित, आजारी, मत्त किंवा चिंतामग्न पात्राने हस्तमुद्रा करू नयेत; तेथे सात्त्विक अभिनयाचा आश्रय करावा, असेही सुचविले आहे.

केरळमधील कूडियाट्टम् व कथकळी या नाट्यप्रकारांत मात्र नट वाक्यातील शब्द क्रमाने मुद्रांनी दाखवितो. कूडियाट्टममध्ये तर विभक्तिप्रत्ययांनाही मुद्रा आहेत. तेथे ही पुनरुक्ती दोष ठरत नाही, कारण मुद्रा हीच एक पूर्ण भाषा असून ती जाणणारा प्रेक्षक तिचा विस्तार पाहण्यासाठीच आलेला असतो. गद्य नाटकातील नटाच्या हातांना असा कोश नसतो. रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विन्टिलियन याने इ. स. पहिल्या शतकात वक्त्याच्या हालचाली शब्दांपेक्षा आशयाला धरून असाव्यात असा नियम सांगितला आणि आजाऱ्याचा उल्लेख येताच नाडी पाहणाऱ्या वैद्याची नक्कल करणे निषिद्ध मानले.

मराठी रंगभूमीवर बोलण्याच्या व वावरण्याच्या स्वाभाविक पद्धतीचा आग्रह नाट्यमन्वंतर या संस्थेने १९३३ साली सादर केलेल्या आंधळ्यांची शाळा या नाटकापासून विशेषत्वाने धरला गेला, असे मानतात. तेव्हापासून हातांचे काय करावे हा प्रश्न प्रत्येक गद्य नटापुढे उभा राहिला.

मराठी संवादातील विशेष अडचण : मराठी बोलण्यात शरीरावरून आलेले वाक्प्रचार पुष्कळ आहेत. कपाळाला हात लावणे, कानांवर हात ठेवणे, हात टेकणे, पदर पसरणे, बोटे मोडणे इत्यादींचा संवादात उल्लेख आला, की नटाचा हात आपोआप त्या अवयवाकडे जातो. ‘मी तर हातच टेकले’ असे म्हणत हात टेकणाऱ्या पात्राचे बोलणे थट्टेचे वाटू लागते. वाक्प्रचार वापरणाऱ्याच्या मनात त्या वेळी अवयव नसतो, वैताग असतो; म्हणून हालचाल वैतागातून यावी लागते. उलटपक्षी, वाक्प्रचार न उच्चारता केवळ ती क्रिया केली, तर ती संवादाची जागा समर्थपणे घेते.

दुसरी गोष्ट वाक्यरचनेची. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते व ज्या शब्दावर भर द्यायचा तो पुष्कळदा क्रियापदाच्या लगेच आधी असतो. हातवाऱ्यांच्या आधुनिक अभ्यासात हालचालीचे सामान्यतः तीन टप्पे मानतात : हात उचलण्याची तयारी, मुख्य आघात आणि हात परत विसावणे. डेव्हिड मॅक्नील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले आहे, की स्वाभाविक बोलण्यात मुख्य आघात संबंधित शब्दाच्या किंचित आधी अथवा त्याच्याबरोबर होतो. तो शब्दानंतर सहसा होत नाही. म्हणून मराठी वाक्यात हाताची तयारी वाक्याच्या पूर्वार्धातच सुरू व्हावी लागते. शब्द उच्चारल्यावर हात उठला, तर हालचाल पाठ केलेली आहे हे प्रेक्षकाला कारण न कळताही जाणवते.

योजनेची रीत : प्रथम संहितेतील भाषणाचे तुकडे पाडतात. हे तुकडे वाक्यांनुसार पडत नाहीत. समोरच्या पात्राकडून काय हवे आहे, यात जेथे बदल होतो तेथे नवा तुकडा सुरू होतो. प्रत्येक तुकड्यापुढे पात्र काय मागते व काय लपविते हे थोडक्यात लिहितात. त्यानंतर भाषणाची एक तालीम हात पूर्णपणे स्थिर ठेवून करतात. या तालमीत ज्या जागी हात आवरणे कठीण जाते, त्याच जागी हालचालीची गरज असण्याचा संभव असतो. पुढच्या तालमीत तेवढ्याच हालचाली मोकळ्या सोडतात व हातांचे विसाव्याचे स्थान ठरवितात. हे स्थान ठरलेले नसले, की हात प्रत्येक वाक्यानंतर मांडीवर आपटतात किंवा निरर्थक तरंगत राहतात. शेवटी दोन प्रकारे पारख करतात. एक जण आवाज न ऐकता केवळ पाहतो आणि दुसरा डोळे मिटून केवळ ऐकतो. दोघांनी सांगितलेली हकीकत तंतोतंत सारखी निघाली, तर हावभाव शब्दांचीच पुनरुक्ती करीत आहेत असे समजावे.

एक उदाहरण : नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० नंतर पनवेल व उरण तालुक्यांतील शेतजमिनी मोठ्या प्रमाणावर संपादित झाल्या. त्या पार्श्वभूमीवर रचलेला पुढील प्रसंग केवळ स्पष्टीकरणासाठी घेतला आहे. पनवेलजवळच्या एका गावात म्हातारा शेतकरी घराच्या ओटीवर बसला आहे. जमिनीच्या मोबदल्याचा कागद मुलाने त्याच्या शेजारी आणून ठेवला आहे. म्हातारा म्हणतो : “त्या बांधावर बापानं मला हाताला धरून चालायला शिकवलं. भात कापून कापून ही बोटं वाकडी झाली. आणि त्याची किंमत तू मला कागदावर दाखवतोस?”

नवखा नट येथे बांधाकडे बोट करतो, मुलाचा हात धरल्याचा आविर्भाव करतो, विळा फिरवितो, बोटे वाकडी करून दाखवितो, तळहातावर लिहितो आणि शेवटी मुलाकडे बोट रोखतो. तीन छोट्या वाक्यांत सहा चित्रे होतात. त्यांतून म्हातारा संतापला आहे एवढेच कळते आणि तेवढे शब्दांतूनही कळत होते.

आता लपविलेली बाजू पाहावी. घरात पैशाची निकड आहे. म्हाताऱ्याला तो कागद नको आहे आणि हवाही आहे. पहिल्या वाक्यात त्याचे हात मांडीवर असतात व दृष्टी मुलाच्या पलीकडे शेताच्या दिशेला लागलेली असते. ही दिशा संपूर्ण नाटकात एकच राहिली पाहिजे, नाही तर शेत प्रत्येक प्रवेशात जागा बदलते. याच वाक्यात उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताच्या बोटांचे सांधे हळूहळू चोळू लागतो. त्यामुळे दुसऱ्या वाक्यात ‘ही बोटं’ हे शब्द येण्यापूर्वीच प्रेक्षकाने ती बोटे पाहिलेली असतात. ती वर करून दाखविण्याची गरज उरत नाही. ‘आणि’ या शब्दाबरोबर उजवा हात निघतो, ‘किंमत’ म्हणेपर्यंत कागदावर पालथा पडतो आणि ‘कागदावर’ या शब्दाला तो पूर्ण स्थिर असतो. वाक्य संपल्यावरही हात उचलला जात नाही. तोंडाने कागदाचा धिक्कार होत असताना हाताने तो झाकून धरला आहे, ही विसंगती मुलाला दिसते आणि प्रेक्षकालाही दिसते. मुलाचे पुढचे वाक्य त्या हाताला उद्देशून येते. दोन हालचाली व एक दृष्टी एवढ्यावर प्रसंग उभा राहतो.

प्रेक्षागृहानुसार फरक : पनवेल येथे आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह असून अटल करंडक ही एकांकिका स्पर्धा या शहराशी निगडित आहे. अशा स्पर्धांसाठी तालमी बहुधा लहान खोलीत होतात आणि प्रयोग मोठ्या रंगमंचावर होतो. खोलीत परिणामकारक वाटलेले अंगठ्याने सांधे चोळणे शेवटच्या रांगेतून दिसत नाही. तेव्हा हालचालींची संख्या वाढविण्याकडे नटांचा कल होतो व शब्दचित्रे परत येतात. यावर उपाय म्हणजे तीच हालचाल मनगटाऐवजी कोपरापासून किंवा खांद्यापासून करणे, तिचा वेग कमी करणे आणि तिच्या आधी व नंतर शरीर स्थिर ठेवणे. वरील उदाहरणात म्हातारा कागदाच्या थोडा दूर बसला, तर हात पोहोचविण्यासाठी त्याला कमरेतून वाकावे लागते व ती हालचाल मागपर्यंत दिसते. बाजूने दिसणाऱ्या पात्राने शक्यतो प्रेक्षकांपासून दूर असलेला हात वापरावा. जवळचा हात उचलल्यास चेहरा झाकला जातो.

दोष व मर्यादा : शब्दचित्रे टाळूनही काही दोष राहतात. प्रत्येक आघाताला हाताने ठोका देत बोलणे, दोन्ही हात एकाच उंचीवर एकसारखे हलविणे, कोपरे कमरेला चिकटवून केवळ पंजे फिरविणे हे त्यांपैकी प्रमुख होत. योजना फार काटेकोर झाल्यास नट समोरच्याचे बोलणे ऐकणे सोडून पुढच्या हालचालीची वाट पाहतो. सहकलाकाराने वाक्य थोडे लांबविले तरी त्याचा हात ठरलेल्या क्षणीच उठतो, यावरून हा दोष ओळखता येतो. अशा वेळी हालचालीचा हेतू कायम ठेवून तिचा क्षण मोकळा सोडतात.

पुनरुक्ती सर्वत्र त्याज्य नाही. तमाशाच्या वगातील सोंगाड्या दुसऱ्याच्या शब्दांचा शब्दशः अभिनय करतो तेव्हा त्यातून विनोद निर्माण होतो. रंगमंचावर नसलेली विहीर, वाट किंवा घर प्रथम प्रस्थापित करताना बोटाने दिशा दाखविणे आवश्यकच असते. एकदा दिशा ठरली, की पुढे केवळ दृष्टीही पुरते. खोटे बोलणाऱ्या किंवा पढवून पाठविलेल्या पात्राला शब्दाशब्दाचे हावभाव मुद्दाम दिले, तर त्याचा बनाव प्रेक्षकाला ओळखू येतो. मात्र त्यासाठी त्याच नाटकातील इतर पात्रांचे हात संयमित असावे लागतात.