एका झेपेचे तेरा फोटो

हिवाळ्यात भिगवणला सकाळच्या होडीतून उतरणाऱ्या हौशी छायाचित्रकाराच्या कार्डावर दीड-दोन हजार फोटो असले, तर आता कुणाला नवल वाटत नाही. उजनीच्या पाणफुगवट्यावर कुरव झेपावला की शटरवरचं बोट उठत नाही आणि कॅमेरा सेकंदाला दहा-वीस फ्रेम सहज ओढतो. त्यांतल्या बहुतेक एकमेकींच्या जुळ्या बहिणी. पक्षी तोच, उजेड तोच. फरक असतो तो फोकस नेमका कुठे बसला आणि हात किती हलला याचा. संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसून हे सगळे डोळ्यांनी निवडायचे म्हटलं, तर दोनशेव्या फोटोनंतर डोळा काहीही पास करू लागतो. म्हणून आधी फोटोंचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातला सर्वांत शार्प तेवढा पुढे पाठवायचा, एवढं काम संगणकाला देता येतं. तो ते बरं करतो, पण त्याला दोन-तीन गोष्टी आधी नीट सांगाव्या लागतात.

गट पाडायला चित्राकडे बघायचीही गरज नसते, वेळ पुरते. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा DateTimeOriginal या नावाने फोटो काढल्याची वेळ लिहून ठेवतो. तिच्यात सेकंदापर्यंतच हिशेब असतो. सेकंदाचा अपूर्णांक SubSecTimeOriginal या वेगळ्या रकान्यात असतो, पण सगळेच कॅमेरे तो भरत नाहीत. नसेल तर एका सेकंदातल्या दहा फ्रेम्सची वेळ सारखीच दिसते आणि त्यांचा क्रम फाइलच्या नावावरून लावावा लागतो. फाइलची ‘मॉडिफाइड’ तारीख मात्र वापरू नये. कॉपी करताना किंवा फोटोवर काही काम केल्यावर ती बदलू शकते. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो म्हणून आलेल्या चित्रात तर मूळ वेळ उरलेलीच नसते.

आता फोटो वेळेनुसार रांगेत लावायचे आणि प्रत्येकाचं त्याच्या आधीच्या फोटोपासूनचं अंतर मोजायचं. समजा, एका कुरवाच्या झेपेचे आठ फोटो ७ वाजून ४२ मिनिटं १०.२ सेकंद ते १०.९ सेकंद या वेळेतले आहेत. मग बोट क्षणभर उठलं. पुढचे पाच फोटो १२.२ ते १२.६ या वेळेतले. त्यानंतरचा फोटो थेट ३१व्या सेकंदाला. मधली अंतरं मोजली तर ०.१, ०.१ अशी चालत मध्येच १.३ येतं आणि मग एकदम १८ सेकंदांच्या वर उडी. एक सेकंदाची मर्यादा ठेवली तर झेपेचे दोन तुकडे होतात, दोन सेकंदांची ठेवली तर तेराही फोटो एका गटात बसतात. पक्ष्यांसाठी मी दोन सेकंदांच्या बाजूचा आहे. बोट उचलून पुन्हा दाबायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो आणि पुढचं दृश्य सापडायला त्याहून बराच जास्त.

अंतर आधीच्या फोटोपासून मोजायचं, घड्याळाचे ठरावीक कप्पे करायचे नाहीत. दर दोन सेकंदांचा एक कप्पा केला, तर ११.९ सेकंदांना सुरू झालेली झेप मधोमध कापली जाते. पण आधीच्या फोटोला धरून चालण्यातही एक फसगत आहे. रोहित पक्ष्यांचा थवा उठला आणि छायाचित्रकार दीड-दीड सेकंदाने बटण दाबत राहिला, तर साखळी तुटतच नाही. पाण्यावरची धाव, उड्डाण आणि आकाशातली रांग असा अर्ध्या मिनिटाचा सगळा प्रसंग एकाच गटात जातो आणि त्यातला एकच फोटो उरतो. म्हणून गटाच्या एकूण लांबीलाही लगाम हवा. पाच सेकंदांपेक्षा लांब गट त्यातल्या सर्वांत मोठ्या अंतरावर तोडला की काम भागतं.

गट झाले, आता शार्प कोणता ते ठरवायचं. यासाठी रुळलेली एक साधी युक्ती लॅप्लेशियनची. चित्र कृष्णधवल करायचं. मग प्रत्येक बिंदूच्या वर-खाली-डावी-उजवीकडच्या चार शेजाऱ्यांच्या उजळपणाची बेरीज घ्यायची आणि तिच्यातून त्या बिंदूचा चौपट उजळपणा वजा करायचा. सपाट आकाशात उत्तर शून्याजवळ येतं. पिसाच्या धारदार कडेवर ते मोठं येतं, कधी अधिक, कधी उणे. फोटो हललेला किंवा फोकस सुटलेला असेल तर कडा पसरतात आणि सगळीच उत्तरं शून्याकडे सरकतात. या उत्तरांचा विखुरलेपणा, म्हणजे संख्याशास्त्रातलं प्रचरण, हाच फोटोचा गुण. पायथनमध्ये OpenCV वापरून हे तीन ओळींत होतं:

```
g = cv2.imread(f, 0)
g = cv2.GaussianBlur(g, (3, 3), 0)
gun = cv2.Laplacian(g, cv2.CV_64F).var()
```

मधली ओळ गाळावीशी वाटेल, पण गाळू नये. पहाटेच्या कमी उजेडात कॅमेरा आयएसओ वाढवतो आणि चित्रात दाणे येतात. प्रत्येक दाणा शेजाऱ्यांपेक्षा वेगळा, त्यामुळे लॅप्लेशियनला तो कडेसारखाच भासतो आणि दाणेदार फोटोला फुकट गुण मिळतात. आधी किंचित धूसर केलं की दाणे बरेचसे विरतात, पिसांच्या कडा टिकतात.

याहून मोठा घोटाळा पार्श्वभूमी करते. आपल्या तेरा फोटोंपैकी सहाव्यात फोकस कुरवावरून निसटून काठावरच्या गवतावर गेला, असं धरू. गवताच्या शेकडो पात्या लख्ख, पक्षी मात्र मऊ. पूर्ण चौकटीचा गुण काढला तर समजा सहाव्याला ४१० येतो. तिसऱ्यात पक्षी अगदी टोकदार, पण मागचं गवत विरघळलेलं, त्याला २९०. यंत्र बिनदिक्कत सहावा निवडतं! तेच गणित फक्त पक्ष्याभोवतीच्या चौकोनावर केलं की तिसरा ५३० आणि सहावा १४० असा निकाल फिरतो. म्हणून मोजायचं ते पक्ष्यापुरतं. कॅमेऱ्याने फोकसबिंदूची जागा फाइलमध्ये लिहिली असेल तर तिच्याभोवती कापावं. नसेल तर चौकटीचा मधला भाग घ्यावा, कारण उडत्या पक्ष्याला बहुतेक जण मध्येच धरतात. चौकोनाचा आकार गटभर एकच ठेवावा.

हे आकडे गटाबाहेर कुठेही चालत नाहीत, हेही ओघाने आलंच. धुक्यातल्या शेकाट्याचा उत्तम फोटो आणि उन्हातल्या गवताचा सुमार फोटो यांची तुलना केली तर गवतच जिंकेल. एका गटात दृश्य जवळजवळ सारखंच असतं, म्हणून तिथे आकड्याला अर्थ आहे.

काही गटांना तर हातच लावू नये. एकच देखावा कमी, मध्यम, जास्त उजेडात मुद्दाम टिपलेला असेल, तर ते फोटो सेकंदाच्या आत आलेले असले तरी तिन्ही लागतात. ExposureBiasValue हा रकाना ठरावीक पायरीने बदलताना दिसला की तो गट वगळायचा. फुलावरच्या किड्याचे फोकस पुढे-मागे सरकवत घेतलेले फोटोही तसेच. ते पुढे एकत्र जोडायचे असतात.

उरलेले फोटो लगेच पुसू नयेत, वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावेत; रॉ आणि जेपेग अशा जोडीने फाइल्स असतील तर जोडी फोडू नये. मग पहिल्या दोघांच्या गुणांत जेमतेम पाच टक्क्यांचा फरक असलेले गट तेवढे स्वतः उघडून पाहावेत, कारण तिथे शार्पपणा बरोबरीचाच असतो आणि पंख कुठल्या फोटोत पुरते उघडलेत, डोळ्यात चमक कुठे आहे, हे त्या आकड्याला कळत नाही. शिवाय प्रत्येक गटातून कुणीतरी पहिला येतोच, तेराही फोटो हललेले असले तरी. तेव्हा निवडलेला फोटो शंभर टक्के मोठा करून डोळ्याची कड पाहावी. ती दुहेरी दिसली तर त्या निवडलेल्या फोटोचीही रवानगी इतर बारांकडे.