आ वासलेला पिकाचू

पिवळं अंग, लांब कान, गालांवर दोन लाल गोल. तोंड जेमतेम उघडलेलं. चित्र धूसर, जुन्या टीव्हीच्या पडद्यावरून टिपल्यासारखं. मोबाइल वापरणाऱ्या कुणीही गेल्या काही वर्षांत हा चेहरा पाहिलेला असतो, मग पोकेमॉनची मालिका पाहिलेली असो वा नसो. हा पिकाचू. जे होणार हे सगळ्यांना माहीत होतं तेच झालं, आणि ज्याच्यामुळे झालं तोच चकित होऊन उभा राहिला, की त्याच्या जागी हे चित्र लावतात.

पिकाचू जन्माला आला 1996 मध्ये, जपानी व्हिडिओ गेममध्ये. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये टीव्हीवर मालिका सुरू झाली. मीममधलं चित्र तिच्या दहाव्या भागातलं आहे. तो जपानमध्ये जून 1997 मध्ये दाखवला गेला. म्हणजे ही फ्रेम एकवीस वर्षं तशीच पडून होती. सप्टेंबर 2018 मध्ये टंबलर या संकेतस्थळावर कुणीतरी ती एका छोट्या संवादाखाली चिकटवली आणि महिन्या-दोन महिन्यांत ती जगभर पोचली. मूळ प्रसंगात पिकाचू कशाने दचकला होता, हे मीम वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज उरली नाही.

त्या संवादाची घडण अशी असते:

```
मी: दिवसभर फोन चार्जिंगला लावत नाही
फोन: संध्याकाळी बंद पडतो
मी:
```

तिसऱ्या ओळीत शब्द नाहीत, तिथे चित्र येतं. पहिल्या ओळीत कृती, दुसऱ्या ओळीत तिचा परिणाम, आणि दोन्हींच्या मध्ये काहीच नाही. इथेच सगळं कसब आहे. कारण आणि परिणाम इतके लगटून ठेवायचे की दोहोंत शंकेला जागा राहू नये, आणि मग चेहरा असा दाखवायचा की या माणसाला त्यांचा संबंध आयुष्यात प्रथमच कळतो आहे. मध्ये एखादी स्पष्टीकरणाची ओळ घातली तर मीम कोसळतं.

लोकांना या चित्रातले विस्फारलेले डोळे आठवतात. नीट पाहिलं तर डोळे पिकाचूचे नेहमीचेच आहेत, काळेभोर, पांढऱ्या चमकेचे. सगळं काम उघडं तोंड करतं. माणूस खरोखर चकित होतो तेव्हा भुवया वर जातात, पापण्या ताणल्या जातात, जबडा खाली येतो. पिकाचूला भुवयाच नाहीत. भीती, राग या भावना आपण बऱ्याच अंशी भुवयांच्या हालचालीतून ओळखतो, त्यामुळे या चेहऱ्यावर त्यांची पुसटशीही खूण उमटत नाही. उरतं ते निखळ आश्चर्य. शिवाय चेहऱ्यावरच्या भावांचा अभ्यास करणारे पॉल एकमन सांगतात की आश्चर्य ही सर्वांत अल्पजीवी भावना आहे. क्षणभर टिकते आणि लगेच भीतीत, आनंदात किंवा रागात विरते. स्थिरचित्रात ती विरू शकत नाही. तो चेहरा कायमचा त्याच क्षणात अडकलेला असतो, आणि म्हणूनच तो निरागसपणाचं सोंग इतकं चोख वठवतो.

या घराण्यातलं दुसरं प्रसिद्ध मीम एरिक आंद्रे या अमेरिकी विनोदकाराच्या कार्यक्रमातून आलं. तो स्वतःच सहकाऱ्यावर गोळी झाडतो आणि कॅमेऱ्याकडे वळून हे कुणी केलं असावं, असं विचारतो. तिथे करणारा दुसऱ्यावर खापर फोडतो. पिकाचू कुणावरच आरोप करत नाही. त्यामुळे तो स्वतःच्या चुकीसाठीही वापरता येतो, आणि मला तो तिथेच सर्वांत प्रामाणिक वाटतो.

दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हा मुखवटा चढवताना मात्र मोठी फसगत होऊ शकते. परिणाम ‘अपेक्षित’ होता हे आपण ठरवतो केव्हा? तो घडून गेल्यावर. 1975 मध्ये बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने यावर एक साधा प्रयोग केला. त्याने लोकांना 1814 च्या इंग्रज-गुरखा युद्धाबद्दल एक उतारा वाचायला दिला. इंग्रज जिंकले, गुरखे जिंकले, तह होऊन कोंडी फुटली, तहाविना कोंडी राहिली, असे चार संभाव्य शेवट होते. काही गटांना यांपैकी एकेक शेवट ‘प्रत्यक्षात घडलेला’ म्हणून सांगितला. ज्या गटाला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून अधिक संभवनीय वाटला. निकाल कळला की तो आधीही दिसत होता असं मनाला वाटू लागतं. मीमची दुसरी ओळ नेमकी हाच निकाल हातात देते. त्यामुळे पुराव्यावाचूनही पहिली ओळ मूर्खपणाची दिसू लागते.

म्हणून पाहायचं ते एवढंच, की इशारा आधी नोंदलेला होता का. 2016 मध्ये ब्रिटनच्या पर्यावरण संशोधन परिषदेने ध्रुवीय संशोधनाच्या नव्या जहाजाचं नाव सुचवायला इंटरनेटवर सगळ्यांना बोलावलं. ‘बोटी मॅकबोटफेस’ हे थट्टेचं नाव 1,24,109 मतांनी पहिलं आलं. इथे इशारा होता: 2007 मध्ये ग्रीनपीसने एका देवमाशासाठी मतदान घेतलं तेव्हा ‘मिस्टर स्प्लॅशी पँट्स’ जिंकलं होतं. पण परिषदेने अंतिम निर्णय स्वतःकडेच ठेवलेला होता. जहाजाला सर डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव मिळालं आणि गमतीचं नाव त्यावरच्या पाण्याखालच्या छोट्या यानाला दिलं गेलं. ज्याने पर्याय राखून ठेवला तो पूर्णपणे गाफील नव्हता. पिकाचूचा चेहरा त्याला अर्धाच बसतो.

तो पूर्ण कुठे बसतो, हे पाहायला आपल्या नदीकाठी यावं. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, हे नकाशावरच दिसतं. इथला इशारा पूर येऊन गेल्यावर सुचलेला नाही, तो आधीच रेषेच्या रूपात कागदावर आहे. त्या रेषेच्या आत कुणी इमारतींना वाट करून दिली आणि मग तळमजल्यात पाणी शिरल्यावर ‘एवढं पाणी येईल असं वाटलं नव्हतं’ म्हटलं, तर तो चेहरा त्याचाच आहे.

त्याच इमारतीत भाड्याने राहायला आलेल्या कुटुंबाचा मात्र तो नाही. नकाशा त्यांना कुणी दाखवला नाही, दुसरीकडचं भाडं परवडत नव्हतं, आणि पाण्यात गेली ती त्यांची भांडीकुंडी. पुरात अडकलेल्यांच्या छायाचित्राखाली पिकाचू चिकटवणारे पहिल्या ओळीतला कर्ताच बदलून टाकतात. त्या जागी परवानगीवर सही करणाऱ्याचं नाव लिहिलं, तर दुसरी ओळ न बदलताही मीम बरोबर होतं.