25 सेंटची पेन्सिल

अमेरिकी पुस्तकातलं एक गणित घ्या: पेन्सिल 25 सेंटला, तर 3 डॉलरमध्ये किती येतील? सेंटचे पैसे केले तर आकडे जुळतात, पण 25 पैशांना आज पेन्सिल मिळत नाही. मग भाषांतरकार 5 आणि 60 रुपये लिहितो. उत्तर 12च येतं, तरी गणित सोपं झालं. 3 डॉलरचे 300 सेंट करण्याची पायरीच गळाली. म्हणून दोन्ही गणितं सोडवून पायऱ्या शेजारी मांडाव्यात, नुसतं उत्तर जुळवू नये.

मी इथं पेन्सिलच सोडून देईन: 3 मीटर रिबिनीचे 25 सेंटिमीटरचे किती तुकडे होतील? आकडे तेच, रूपांतरही तेच. मात्र प्रश्न नाणी-नोटांच्या धड्यातला असेल, तर ही अदलाबदल चालणार नाही.